जागतिक सिनेमाची चढती वाट

जागतिक सिनेमातला एखादा चित्रपट अवघड का वाटतो, याचे कारण बहुतेक वेळा साधे असते. रोजच्या सिनेमात प्रेक्षकाला काही आधार सतत मिळत असतात आणि त्यांतला एखादा आधार दिग्दर्शकाने मुद्दाम काढून घेतलेला असतो. नायकाला काय हवे आहे हे सुरुवातीलाच कळणे हा एक आधार. एका प्रसंगातून दुसरा प्रसंग निघणे हा दुसरा. कुठे गलबलायचे आणि कुठे दचकायचे हे पार्श्वसंगीत सांगते, नटाचा चेहरा मनातले बोलून दाखवतो, कंटाळवाणा वेळ संकलनात कापलेला असतो आणि शेवटी सगळ्या गोष्टींचा निकाल लागतो. हे सगळे आधार एकदम गेले की प्रेक्षक गोंधळतो आणि दोष स्वतःच्या आकलनाला देतो. म्हणून चित्रपटांचा क्रम लावताना प्रत्येक टप्प्यावर एखादाच आधार कमी होईल असे पाहिले, तर अवघड म्हणून गाजलेल्या चित्रपटांपर्यंत सहज पोहोचता येते.

नवखा प्रेक्षक बहुधा याच्या उलट करतो. तो ‘सर्वश्रेष्ठ चित्रपटां’ची यादी काढतो आणि वरून सुरुवात करतो. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश नियतकालिक दर दहा वर्षांनी जगभरातल्या समीक्षकांचा कौल घेते. 2022 च्या कौलात पहिला आला शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा 1975 चा ‘जान दिएलमान’. सुमारे तीन तास वीस मिनिटांच्या या चित्रपटात एक विधवा बराच वेळ घरकाम करताना दिसते. जगातला पहिल्या क्रमांकाचा चित्रपट म्हणून तो लावणारा माणूस अर्ध्या तासात उठतो आणि पुन्हा या बाजूला फिरकत नाही. चित्रपट मोठाच आहे, पण या वाटेवर त्याची पाळी फार उशिरा येते.

सुरुवातीला व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ज’ (1948) घ्यावा. लांबी दीड तास, गोष्ट एका वाक्यात सांगता येणारी. महायुद्धानंतरच्या रोममध्ये बेकार अंतोनिओ रिचीला भिंतींवर पोस्टर चिकटवण्याचे काम मिळते, पण त्यासाठी सायकल हवी आणि ती गहाण पडलेली. बायको मारिया पलंगावरच्या चादरी काढते, धुते आणि गहाण टाकायला नेते. सायकल सुटते आणि कामाच्या पहिल्याच दिवशी चोरीला जाते. मग बाप आणि लहानगा ब्रूनो ती शहरभर शोधत हिंडतात. गहाणाच्या दुकानातला एक क्षण नीट पाहण्यासारखा आहे. मारियाच्या चादरींचे गाठोडे घेऊन नोकर उंच फडताळावर चढू लागतो आणि कॅमेरा त्याच्याबरोबर वर जातो. छतापर्यंत अशीच गाठोडी रचलेली असतात. एका घराची अडचण साऱ्या शहराची आहे हे कोणीही बोलत नाही. चित्रपटात दाखवलेली वस्तूच बोलते, हा जागतिक सिनेमाचा पहिला धडा इथे आपोआप मिळतो.

इथे काढून घेतलेला आधार एकच: सराईत नट आणि स्टुडिओतले नेपथ्य. अंतोनिओचे काम करणारे लाम्बेर्तो माज्जोरानी हे प्रत्यक्षात कारखान्यातले कामगार होते. बाकी सगळे ओळखीचे आहे. नायकाची गरज स्पष्ट आहे, संगीत साथ देते, बापलेकाचे नाते पहिल्या प्रसंगापासून धरून ठेवते. भारतीय प्रेक्षकाला तर हे वळण घरातलेच वाटते. सत्यजित राय यांनी हा चित्रपट 1950 मध्ये लंडनला पाहिला. 1952 मध्ये मुंबईत भरलेल्या भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला आणि पुढच्याच वर्षी आलेल्या बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’वर त्याची छाया स्पष्ट दिसते. तो ज्याने पाहिला आहे, त्याने या वाटेवर अर्धे पाऊल आधीच टाकलेले असते.

दुसरा टप्पा इराणचा. अब्बास किआरोस्तामी यांच्या ‘व्हेअर इज द फ्रेंड्स होम?’ (1987) मध्ये अहमद नावाचा शाळकरी मुलगा घरी येऊन दप्तर उघडतो, तर शेजारी बसणाऱ्या मित्राची वही चुकून त्याच्याकडे आलेली. उद्या वहीत गृहपाठ नसेल तर मास्तर मित्राला शाळेतून काढणार आहेत. मित्र राहतो डोंगरापलीकडच्या गावात, आणि घर माहीत नाही. एवढ्यावर सुमारे सव्वा तासाचा चित्रपट उभा आहे. यात खलनायक नाही, मोठी घटना नाही. अंगणातल्या प्रसंगात अहमद आईला पुन्हा पुन्हा सांगतो की वही द्यायला जायलाच हवे, आणि आई धुणे करता करता पुन्हा पुन्हा म्हणते की आधी अभ्यास कर, पाळणा हलव, ते आणून दे. ती दुष्ट नाही, तिच्या कानावर शब्द पडतात पण पोहोचत नाहीत. नवख्या प्रेक्षकाला हा प्रसंग लांबलेला वाटू शकतो. पण तो तेवढा लांबतो म्हणूनच मुलाची कोंडी अंगावर येते. डोंगरावरच्या नागमोडी पायवाटेने अहमद धावत जातो, तेव्हाही ती धाव कापून छोटी केलेली नाही. चालण्याला लागणारा वेळ हाही गोष्टीचा भाग असतो, हे या टप्प्यावर शिकायचे. ज्याला ही चढण थोडी उभी वाटेल, त्याने मध्ये माजिद मजिदी यांचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (1997) पाहावा. बुटांचा एकच जोड भावाबहिणीने आळीपाळीने वापरायचा, ही त्याची कथा पुष्कळ अधिक हात धरून नेणारी आहे.

अकिरा कुरोसावा यांचा ‘राशोमोन’ (1950) इथे वाटेत उरकता येतो, कारण तो वेगवान आहे आणि त्याची युक्ती आता जगभर रुळली आहे. जंगलातल्या एका मृत्यूची हकिगत चार जण चार प्रकारे सांगतात. पडद्यावर दाखवलेले खरेच घडले असेल, हा आधार तो काढून घेतो. खरे काय घडले हे शोधण्याच्या मागे न लागता, प्रत्येक जण स्वतःला कसे दाखवू पाहतो याकडे लक्ष ठेवले की चित्रपट उलगडतो.

यानंतर रोबेर ब्रेसाँ यांचा ‘अ मॅन एस्केप्ड’ (1956). या टप्प्यासाठी याहून योग्य चित्रपट सापडणे कठीण, कारण तो कडक शिस्तीचा असूनही शेवटपर्यंत श्वास रोखून पाहायला लावतो. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, लियाँ शहरातल्या मोंल्यूक तुरुंगातून आंद्रे दव्हिन्यी हा कैदी 1943 मध्ये निसटला होता. त्याच्या हकिगतीवर हा चित्रपट बेतलेला आहे. कैदी सुटणार हे नावातच सांगून टाकले आहे, म्हणजे ‘पुढे काय होणार’ हा आधार सुरुवातीलाच गेला. नटांच्या चेहऱ्यावर भावनांचे प्रदर्शन नाही. ब्रेसाँ नवख्या माणसांना घेत आणि त्यांच्याकडून अभिनय गाळून टाकत. मोत्सार्टच्या संगीताचे मोजके तुकडे सोडले तर पार्श्वसंगीतही नाही.

मग उरते काय? हात आणि आवाज. नायक फोंतेन लोखंडी चमचा फरशीवर घासून त्याची पटाशी करतो आणि तिने दाराच्या फळ्यांमधला सांधा थोडा थोडा कोरतो. भुसा झाडून लपवतो, पहारेकऱ्याची पावले ऐकू आली की थांबतो. पलंगाची तार आणि फाडलेल्या कापडाच्या पट्ट्या पिळून दोर करतो. पहारेकरी जवळजवळ दिसतच नाहीत. जिन्याच्या कठड्यावर किल्ली आपटत येण्याचा आवाज, दूरच्या आगगाडीची शिट्टी, बाहेर गस्तीच्या सायकलची कुरकुर यांतून तुरुंग कळतो. हा चित्रपट पाहताना प्रेक्षक कानांनी पाहू लागला, तर पुढचे टप्पे सोपे होतात. ते झाले की नाही हे ओळखण्याची खूण अशी: काही वेळाने चेहरा कोरा असल्याचे खटकेनासे होते आणि हाताच्या साध्या हालचालीतली भीती जाणवू लागते.

यासुजिरो ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’ (1953) हा या वाटेवरचा सर्वांत समृद्ध मुक्काम, आणि इथे घाई करू नये. ओनोमिचि या समुद्रकाठच्या गावातले म्हातारा-म्हातारी टोकियोतल्या मुलांकडे येतात. मुलगा डॉक्टर, मुलगी केशकर्तनालय चालवणारी, दोघेही कामात गुंतलेली. आईवडिलांची सोय म्हणून मुले त्यांना आतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवतात, तिथल्या स्वस्त हॉटेलातल्या रात्रीच्या गोंगाटात त्यांना झोप येत नाही. आस्थेने वागते ती युद्धात गेलेल्या मुलाची विधवा, नोरिको. विषय मराठी माणसाला अनोळखी नाही. ‘नटसम्राट’मध्ये आईबाप आणि मुले यांच्यातला हाच दुरावा वाणीच्या प्रपातातून येतो. ओझूंकडे कोणी आवाजही चढवत नाही. मुले क्रूर नाहीत, फक्त स्वतःच्या संसारात अडकलेली आहेत, आणि म्हणूनच त्यांना दोष देऊन प्रेक्षकाला मोकळे होता येत नाही. आईच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणात मुलगी थोडे रडते आणि लगेच आईचे अमुक वस्त्र आठवण म्हणून मला हवे, असे सांगते. दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या असतात. हा प्रसंग पाहून एखाद्याला आपल्याच घरातले बोलणे आठवले, तर नवल नाही.

ओझूंनी काढून घेतलेला आधार म्हणजे घटना. प्रवासाचे बेत ठरताना दिसतात, प्रवास मात्र गाळलेला असतो. आई आजारी पडल्याचे तारेतून कळते. मोठे क्षण दोन दृश्यांच्या मधल्या फटीत घडतात आणि पडद्यावर त्यांच्या आधीचे व नंतरचे शांत बोलणे उरते. कॅमेरा बहुतेक वेळ जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेपेक्षाही खाली ठेवलेला असतो आणि क्वचितच हलतो. बोलणारी व्यक्ती जवळजवळ सरळ प्रेक्षकाकडे पाहते, त्यामुळे सुरुवातीला अवघडल्यासारखे होते. मध्येच रिकामा रस्ता, धुराडी, वाळत घातलेले कपडे अशी माणसांवाचूनची दृश्ये येतात. त्यांत प्रतीक शोधण्याची गरज नाही. एक प्रसंग संपून दुसरा सुरू होण्याआधी मनाला दिलेली ती उसंत आहे. सव्वादोन तासांचा हा चित्रपट पहिल्या तासात सपाट वाटतो आणि शेवटच्या अर्ध्या तासात त्या सपाट दिसणाऱ्या तासाची किंमत कळते. म्हणून तो तुकड्यांत पाहू नये. ओझूंची शैली आधी हलक्या अंगाने ओळखून घ्यायची असेल, तर ‘गुड मॉर्निंग’ (1959) हा रंगीत, खट्याळ चित्रपट आहे. टीव्हीसाठी हट्ट धरलेली दोन भावंडे त्यात मौनव्रत घेतात.

इथपर्यंत आलेल्या प्रेक्षकाचे नुकसान बऱ्याचदा चित्रपटामुळे होत नाही, पाहण्याच्या पद्धतीमुळे होते. मोबाइलवर दीडपट वेगाने ओझू पाहिला तर संवाद तेवढे कळतात, ज्या विरामांवर चित्रपट उभा आहे ते नाहीसे होतात. जुने चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीत काढलेले आहेत. टीव्हीच्या रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. त्या नसतील आणि चेहरे फुगलेले दिसत असतील, तर टीव्हीने चित्र ताणले आहे असे समजून मांडणी बदलावी. इंग्रजी आवाज भरलेली प्रत टाळून मूळ आवाजाची, उपशीर्षके असलेली प्रत घ्यावी. ब्रेसाँच्या बाबतीत तर दुसऱ्या आवाजात अर्धा चित्रपटच जातो. मुंबईच्या ‘प्रभात चित्र मंडळा’सारख्या फिल्म सोसायट्या, पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, पुण्याचा ‘पिफ’ आणि गोव्याचा ‘इफ्फी’ यांमुळे मराठी प्रेक्षकाला असे चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहायला मिळतात. फक्त महोत्सवात दिवसाला चार-पाच चित्रपट पाहण्याच्या भरात सर्वांत संथ चित्रपट रात्री शेवटी ठेवू नये, तो सकाळी ताज्या डोळ्यांनी पाहावा.

मराठीतही या चढणीची तयारी करून देणारा चित्रपट आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (2014) कॅमेरा दुरून, स्थिर राहून पाहतो आणि प्रसंग संपला तरी काही क्षण तिथेच थांबतो. कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात, पडदा अंधारतो. चित्रपट संपला असे वाटत असतानाच न्यायाधीशाच्या सुट्टीतला दिवस सुरू होतो. हा थांबा ज्याला बोचला नाही, तो पुढच्या टप्प्यासाठी तयार आहे.

पुढचा टप्पा मिकेलांजेलो अंतोनिओनी यांचा ‘लाव्हेंतुरा’ (1960). श्रीमंत मंडळी सिसिलीजवळच्या एका उजाड बेटावर सहलीला जातात आणि पहिल्या अर्ध्या तासातच त्यांच्यातली आन्ना नाहीशी होते. शोध सुरू होतो, रेंगाळतो आणि हळूहळू विसरला जातो. ती सापडत नाही, का गेली तेही कळत नाही. हे आधी सांगून टाकणे रसभंग नव्हे, मदतच आहे, कारण आन्नाची वाट पाहत बसलेल्या प्रेक्षकाच्या हाती काही लागत नाही. 1960 च्या कान महोत्सवात प्रेक्षकांनी या चित्रपटाची हुर्यो उडवली होती. पण अनेक दिग्दर्शक आणि समीक्षकांनी त्याच्या बाजूने पत्रक काढले आणि महोत्सवाने त्याला ज्युरी पारितोषिक दिले. पाहायचे ते उरलेल्या दोघांकडे: आन्नाचा प्रियकर सान्द्रो आणि तिची मैत्रीण क्लाउदिया. शोधता शोधता ती एकमेकांजवळ येतात आणि त्या जवळिकीने दोघांनाही समाधान मिळत नाही. सान्द्रो हा पैशासाठी आपली कला सोडलेला वास्तुकार. नोतो गावात एक तरुण जुन्या इमारतीचे चित्र काढत असतो. सान्द्रो हातातली साखळी झुलवत झुलवत शाईची दौत चित्रावर कलंडवतो. तो का असे करतो हे चित्रपट सांगत नाही, आणि ज्याने सान्द्रोला इतका वेळ पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही. इथे गेलेला आधार म्हणजे सुरू झालेली गोष्ट पुरी होईल हा भरवसा.

आता ‘जान दिएलमान’ची पाळी. देल्फिन सेरिग यांनी साकारलेली जान ब्रसेल्समध्ये मुलासोबत राहते. स्वयंपाक, आवराआवर, बाजार आणि रोज दुपारी पैसे देऊन येणारा एक पुरुष, असा तिचा ठरलेला दिवस. असे तीन दिवस आपण पाहतो. पहिल्या दिवशी नीट लक्ष द्यायचे ते तिच्या क्रमाकडे: खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवणे, मिळालेले पैसे जेवणाच्या टेबलावरच्या झाकणाच्या भांड्यात ठेवून झाकण लावणे. हा क्रम मनात बसला नाही तर दुसरा दिवस हातातून निसटतो, कारण दुसऱ्या दिवशी तो क्रम उसवू लागतो. पाहुणा गेल्यावर कळते की बटाटे जास्त शिजले आहेत. पातेले हातात घेऊन ती घरभर फिरते. काय करावे हेच तिला सुचत नाही. भांड्यावरचे झाकण उघडे राहते. ती नवे बटाटे आणून पुन्हा सोलायला बसते आणि या वेळी तेच सोलणे पाहताना जीव खालीवर होतो. तिच्या मनात काय चालले आहे हे संवाद, संगीत, जवळून दिसणारा चेहरा यांपैकी काहीही सांगत नाही. न कापलेला वेळ तेवढा सांगतो. तिसऱ्या दिवसाबद्दल आधी काही वाचू नये.

शेवटी आंद्रेई तारकोव्हस्की यांचा ‘मिरर’ (1975), जेमतेम पावणेदोन तासांचा, तरीही या यादीतला सर्वांत अवघड. यात गेलेला आधार म्हणजे प्रसंगांचा क्रम. निवेदक, ज्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही, बालपण, युद्धाचा काळ आणि वर्तमान यांत मनाला येईल तसा फिरतो. रंगीत आणि कृष्णधवल यांवरूनही काळ ओळखता येत नाही. दोन गोष्टी आधीच माहीत असल्या तर निम्मा गोंधळ टळतो. निवेदकाची तरुणपणची आई आणि त्याची घटस्फोटित पत्नी ही दोन्ही कामे मार्गारिता तेरेखोवा यांनीच केली आहेत. तसेच निवेदकाचा मुलगा आणि लहानपणचा निवेदक एकाच मुलाने साकारले आहेत. माणूस आपल्या बायकोत आई पाहतो आणि मुलात स्वतःला, हे त्या एका निवडीतून कळते. मधूनमधून ऐकू येणाऱ्या कविता दिग्दर्शकाचे वडील आर्सेनी तारकोव्हस्की यांच्या आहेत आणि आवाजही त्यांचाच आहे.

पहिल्यांदा पाहताना प्रसंग जुळवण्याचा प्रयत्न बाजूला ठेवून एकेक प्रसंग स्वतंत्र पाहावा. छापखान्याचा प्रसंग सुरुवातीला घेता येईल. स्तालिनच्या काळात मुद्रितशोधनाचे काम करणारी आई पावसातून धावत छापखान्यात येते, कारण एक भयंकर चूक छापली गेली असावी असे तिला वाटते. लांबच लांब बोळांतून ती चालते, जुने कागद उलगडते. चूक झालेली नसते. तो शब्द कोणता होता हे ती मैत्रिणीच्या कानात सांगते, प्रेक्षकाला ऐकू येत नाही. त्या काळातली दहशत एका न ऐकलेल्या शब्दात मावते. दुसऱ्यांदा पाहताना हे सुटे प्रसंग आपोआप एकमेकांकडे ओढले जातात: तेच घर, तेच रान, तीच स्त्री. दोनदा पाहूनही काही हाती लागले नाही, तर तारकोव्हस्कींच्याच ‘इव्हान्स चाइल्डहुड’कडे (1962) वळावे. युद्धातल्या बारा वर्षांच्या मुलाची ती सरळ गोष्ट आहे आणि त्याच्या स्वप्नांमध्ये ‘मिरर’ची भाषा आधीच सुरू झालेली आहे.